'संपर्क तुटला' म्हणजे नक्की काय झालं? वाईट बातमीची तीन निवेदनं

संशोधनात आलात की वाईट बातमी लिहायची वेळ तुमच्यावर अपेक्षेपेक्षा लवकर येते. सॅम्पल वेळेत होणार नाहीत हे गाइडना कळवायचं असतं, कॉन्फरन्सला पाठवलेला पेपर मागे घ्यायचा असतो. थोडे सीनियर झालात की प्रोजेक्टच्या जागेसाठी आलेल्या अर्जांचा गठ्ठा तुमच्याकडे येतो आणि सर जाता जाता सांगतात, "नाही घेतलं त्यांना जरा नीट कळव." हे 'नीट' म्हणजे काय ते कोर्सवर्कमध्ये कुठेच येत नाही.

म्हणून या वेळी पेपरऐवजी तीन निवेदनं वाचू या. तिन्ही इस्रोची आहेत. इस्रो निवडायचं कारण साधं आहे. एखाद्या विद्यापीठाने पाठवलेलं नकाराचं पत्र चांगलं की वाईट, हे ठरवता येत नाही, कारण आत खरं काय घडलं ते आपल्याला कधीच कळत नाही. इथे मात्र त्या दिवशी काय सांगितलं गेलं आणि पुढे खरं काय निघालं, या दोन्ही गोष्टी जाहीर आहेत. शेजारी ठेवून तपासता येतात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. वाईट बातमी रूक्ष वाटणं आणि ती टाळाटाळीची वाटणं हे दोन वेगळे आजार आहेत. आपण दोन्हींवर एकच औषध देतो, म्हणजे चार गोड शब्द वाढवतो. त्याने टाळाटाळ बरी होत नाही. उलट ती जास्त उठून दिसते.

पहिलं निवेदन १५ जुलै २०१९ चं. चांद्रयान-२ चं उड्डाण पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी व्हायचं होतं. राष्ट्रपती श्रीहरिकोट्यात हजर होते, लोक रात्रभर जागे होते. उड्डाणाला ५६ मिनिटं राहिली असताना काउंटडाउन थांबलं. थोड्या वेळाने इस्रोने जे कळवलं त्याचा मराठीत अर्थ असा: टी-उणे ५६ मिनिटांवर प्रक्षेपक यंत्रणेत तांत्रिक बिघाड दिसला, खबरदारीचा उपाय म्हणून आजचं उड्डाण रद्द केलं आहे, सुधारित तारीख नंतर जाहीर करू.

एवढंच. माफी नाही, समजूत नाही. तरी त्या रात्री हे वाचून मला कुणी काही लपवतंय असं वाटलं नव्हतं. आज परत वाचताना कारण दिसतं. बिघाड कुठे दिसला (प्रक्षेपकात, म्हणजे यानात नाही), कधी दिसला, आणि त्यावर काय निर्णय झाला, हे तिन्ही त्यात आहे. 'रद्द' हा शब्दही सरळ वापरलाय. 'किंचित विलंब होण्याची शक्यता' असली भाषा नाही. घरी जायचं की थांबायचं, हे श्रीहरिकोट्याच्या गॅलरीत बसलेल्या माणसाला त्यावरून ठरवता येत होतं. लांबणीवर पडलेल्या गोष्टीची बातमी वाचणाऱ्याला मुख्यतः तेच हवं असतं.

त्यात बिघाडाचं कारण नव्हतं. पुढे वर्तमानपत्रांत हेलियम गळतीच्या बातम्या आल्या. पण पहाटे दोन वाजता कारण न सांगणं ही टाळाटाळ नाही. तासाभरापूर्वी दिसलेल्या बिघाडाचं कारण छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी उलट कमी विश्वास ठेवेन. खरी उणीव 'नंतर' या शब्दात आहे. नंतर म्हणजे कधी? आठवड्याने, की पुढच्या महिन्यात? नवी तारीख माहीत नसली तरी ती कधीपर्यंत कळेल, हे बहुतेक वेळा सांगता येतं. इस्रोने तीनच दिवसांत, १८ जुलैला, नवी वेळ मिनिटासकट दिली (२२ जुलै, दुपारी २:४३) आणि उड्डाण त्याच वेळी झालं, त्यामुळे ही उणीव कुणाला बोचली नाही. तुमच्या मेलमध्ये ती बोचेल. गाइडना "डेटा लवकरच पाठवतो" असं लिहिलंत की त्या 'लवकरच'ची तारीख ते मनातल्या मनात स्वतःच ठरवून टाकतात.

आता दुसरं निवेदन, ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटेचं. या लेखाचं मूळ तेच आहे.

विक्रम लँडर उतरू लागला तेव्हा पंतप्रधान बंगळुरूच्या नियंत्रण केंद्रात बसले होते आणि अख्खा देश टीव्हीसमोर होता. पडद्यावरची हिरवी खूण आखलेल्या मार्गावरून खाली येत होती, मग ती बाजूला सरकली आणि थांबली. खोलीत शांतता. बऱ्याच मिनिटांनी इस्रोचे अध्यक्ष के. सिवन यांनी जाहीर केलं त्याचा अर्थ असा: लँडरचं उतरणं ठरल्याप्रमाणे चालू होतं, २.१ किलोमीटर उंचीपर्यंत कामगिरी सामान्य होती. त्यानंतर लँडरचा जमिनीवरच्या केंद्राशी संपर्क तुटला. डेटाचं विश्लेषण चालू आहे.

या निवेदनात खोटं असं काही नाही. तरीही ते ऐकल्यावर 'म्हणजे नक्की काय झालं?' हा प्रश्न शिल्लक राहतो. का राहतो, ते बघण्यासाठी बारावीचं फिजिक्स पुरतं. चंद्रावर गुरुत्वीय त्वरण साधारण १.६२ मीटर प्रति सेकंद वर्ग. समजा २.१ किलोमीटरवर लँडर क्षणभर पूर्ण स्थिर होता आणि त्याची सगळी इंजिनं बंद पडली. तर तो ५१ सेकंदांत पृष्ठभागावर पोचेल आणि त्या वेळी त्याचा वेग साधारण ८२ मीटर प्रति सेकंद असेल, म्हणजे ताशी जवळजवळ ३०० किलोमीटर. प्रत्यक्षात तो स्थिर नव्हता, खालीच येत होता, म्हणून इंजिनं बंद असती तर वेळ आणखी कमी. इंजिनं चालू असतील तर थोडी जास्त. पण कसाही हिशेब केला तरी उत्तर काही मिनिटांच्या आतलंच येतं. चंद्रावर हवा नाही, तरंगत राहायची सोय नाही. म्हणजे घोषणा झाली त्या क्षणी लँडर पृष्ठभागावर होता, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. कसा होता, एवढंच माहीत नव्हतं.

'संपर्क तुटला' हे वाक्य आपल्या अँटेनाबद्दल आहे, लँडरबद्दल नाही. ऐकणाऱ्याला लँडरचं काय झालं ते हवं होतं. टाळाटाळ ओळखायची माझी खूण हीच आहे: वाक्य खरं असतं, पण त्याचा कर्ता बदललेला असतो. प्रश्न एका गोष्टीबद्दल आणि उत्तर तिच्या शेजारच्या गोष्टीबद्दल.

मग त्या पहाटे काय सांगता आलं असतं? माझ्या मते साधारण असं: "वेळेच्या हिशेबाने लँडर आता पृष्ठभागावर असला पाहिजे. तो सुरक्षित उतरल्याची कोणतीही खूण आमच्याकडे नाही. २.१ किलोमीटरनंतर त्याच्याकडून माहिती आलेली नाही, त्यामुळे तो कोणत्या वेगाने टेकला हे आत्ता सांगता येत नाही. ऑर्बिटर व्यवस्थित आहे." यात मूळ निवेदनापेक्षा एकही जास्तीची मोजणी लागत नाही. जे माहीत आहे, जे नाही आणि जे वाचलंय, एवढ्याच गोष्टी वेगळ्या करून मांडायच्या.

पंतप्रधान समोर बसलेले असताना, वर्षानुवर्षांच्या कामानंतर, पहाटे दोन वाजता माणूस काय बोलेल याची अपेक्षा इथे बसून ठरवणं सोपं आहे, हे मला मान्य आहे. त्या एका निवेदनावर मी एवढा अडकलोही नसतो. खरी अडचण पुढच्या दिवसांत झाली. त्याच दिवशी इस्रोने सांगितलं की मोहिमेची ९० ते ९५ टक्के उद्दिष्टं साध्य झाली आहेत. दोन आठवड्यांत, लँडरचा १४ दिवसांचा आयुष्यकाळ संपत आला तेव्हा, सिवन यांनी ९८ टक्के यश सांगितलं. सायन्सच्या विद्यार्थ्याने असा आकडा ऐकला की पहिला प्रश्न विचारावा: छेदात काय आहे? उद्दिष्टांची यादी कुठली, आणि अलगद उतरण्याला त्यात किती गुण? ते कळल्याशिवाय ९८ ला अर्थ नाही. चीड आणणारी गोष्ट अशी की ऑर्बिटरचं काम खरोखरच चांगलं होतं. एका वर्षाऐवजी जवळजवळ सात वर्षं पुरेल एवढं इंधन त्यात राहिलं होतं. ही खरी चांगली बातमी सरळ सांगितली असती तर लोकांनी आनंदाने ऐकली असती. वाईट बातमी झाकायला वापरल्यामुळे तिच्यावरही शंका आली.

१० सप्टेंबरला लँडर सापडल्याचं आणि संपर्काचे प्रयत्न चालू असल्याचं कळवलं, तेव्हाही तो कोणत्या अवस्थेत आहे ते त्यात नव्हतं. सिवन एका वृत्तसंस्थेशी बोलताना 'हार्ड लँडिंग झालं असावं' म्हणाले होते, पण संस्थेच्या निवेदनांत शब्द 'संपर्क'च राहिला. हा शब्द तसाच राहिल्यामुळे शाळकरी पोरं दोन आठवडे 'विक्रम, उत्तर दे' म्हणत बसली. नोव्हेंबरमध्ये लोकसभेतल्या लेखी उत्तरात सरळ वाक्यं आली: ३० किलोमीटरपासून ७.४ किलोमीटरपर्यंतचा पहिला टप्पा ठीक झाला, वेग १,६८३ वरून १४६ मीटर प्रति सेकंदावर आला. दुसऱ्या टप्प्यात वेग आखलेल्यापेक्षा जास्त कमी झाला. त्यामुळे पुढच्या टप्प्याची सुरुवातीची स्थिती मर्यादेबाहेर गेली आणि विक्रम ठरलेल्या जागेपासून ५०० मीटरच्या आत जोरात आदळला. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा जास्त थ्रस्ट दिला, यान वेगाने वळायला हवं होतं पण सॉफ्टवेअरने वळण्याच्या गतीला मर्यादा घातली होती, आणि उतरायची जागा फार लहान ठेवली होती, हे सविस्तर स्पष्टीकरण एस. सोमनाथ यांनी २०२३ च्या जुलैमध्ये, चांद्रयान-३ च्या वेळी दिलं. ते ऐकताना लक्षात येतं की यात लाजिरवाणं काहीच नव्हतं.

त्या सकाळी ओलावा मात्र भरपूर होता. पंतप्रधानांनी सिवन यांना जवळ घेतलं तो प्रसंग सगळ्यांनी पाहिला, देशभरातून संदेश आले. सांत्वन होतं, माहिती नव्हती. माहितीच्या जागी ठेवलेलं सांत्वन प्रश्न विचारणाऱ्याला गप्प करतं, कारण अशा वेळी प्रश्न विचारणं असभ्य वाटायला लागतं. सरांनी पाठीवर हात ठेवून "बघू, होईल" म्हटलं की आपला पेपर पाठवला की नाही हे विचारायची सोय उरत नाही, तसंच.

तिसरं निवेदन ७ ऑगस्ट २०२२ चं, आणि त्यातली गंमत अशी की ते त्याच संस्थेचं आहे. एसएसएलव्ही या छोट्या प्रक्षेपकाचं पहिलंच उड्डाण होतं, सकाळी ९:१८ ला. शेवटच्या टप्प्यात माहिती येणं थांबलं. सकाळी तेवढंच सांगितलं गेलं: डेटा येत नाहीये, तपासतोय, लवकर कळवू. त्याच दिवशी दुपारी पूर्ण निवेदन आलं. मराठीत ते असं होईल: प्रक्षेपकाने उपग्रह ३५६ किलोमीटरच्या वर्तुळाकार कक्षेऐवजी ३५६ गुणिले ७६ किलोमीटरच्या लंबवर्तुळाकार कक्षेत सोडले. उपग्रह आता वापरण्याजोगे राहिलेले नाहीत. दोष बऱ्यापैकी ओळखला आहे: एका सेन्सरमधला बिघाड ओळखून बचावाची कृती करायचं लॉजिक अपयशी ठरलं. समिती विश्लेषण करून शिफारशी करेल. त्या अमलात आणून एसएसएलव्ही-डी२ घेऊन आम्ही लवकरच परत येऊ.

दुसरं वाक्य परत वाचा. 'उपग्रह आता वापरण्याजोगे राहिलेले नाहीत.' कर्ता उपग्रह आहे, क्रियापद स्पष्ट आहे, आशेला फट ठेवलेली नाही. ते हवेतून आलेलं नाही, आधीच्या वाक्यातले आकडे त्याला टेकू देतात: ज्या कक्षेचं टोक ७६ किलोमीटरवर येतं, तिथे वातावरणाचं घर्षण उपग्रहाला टिकू देत नाही. 'बऱ्यापैकी ओळखला आहे' हेही मला आवडतं. पूर्ण कळलंय असा दावा नाही, काहीच कळलं नाही असा आवही नाही. पुढे आलेल्या सविस्तर अहवालात दुसरा टप्पा वेगळा होताना बसलेल्या कंपनांचा अ‍ॅक्सेलरोमीटरवर झालेला परिणाम समोर आला, म्हणजे चित्र जास्त बारकाईने उलगडलं. पण पहिल्या दिवशीचं बोट बरोबर दिशेला होतं. १० फेब्रुवारी २०२३ ला डी२ यशस्वी झालं.

मग हे निवेदन आदर्श आहे का? नाही. त्यातल्या 'उपग्रह' या शब्दात एक आझादीसॅट होता. ७५ सरकारी शाळांतल्या ७५० मुलींनी त्यातले भाग बनवले होते आणि त्यांच्यातल्या कित्येक जणी उड्डाण बघायला आल्या होत्या. निवेदनात त्यांच्यासाठी एक अक्षर नाही. टाळाटाळ शून्य, पण हा भाग रूक्ष आहे. तो रूक्षपणा घालवायला 'अत्यंत खेद' लिहून भागलं नसतं. ज्यांचं काम गेलं त्यांना वाक्यात आणावं लागलं असतं: "यात ७५० विद्यार्थिनींनी घडवलेला उपग्रहही होता, त्यांच्या भागात दोष नव्हता." दुसरं अर्धवाक्य जास्त महत्त्वाचं. आठवी-नववीतल्या मुलीला 'आपलंच काही चुकलं असेल' असं वाटणं अगदी शक्य असतं.

आता हे आपल्या टेबलावर आणू. समजा गॅस सेन्सरच्या प्रोजेक्टवर प्रोजेक्ट असिस्टंटची एक जागा आहे, नऊ जणांच्या मुलाखती झाल्या आणि निवड न झालेल्या आठ जणांना तुम्हाला कळवायचंय. नेहमीचा मजकूर तुम्हाला पाठ असेल: "यंदा मोठ्या संख्येने दर्जेदार अर्ज आल्याने निवड अत्यंत कठीण होती. आपला अर्ज सध्या पुढे नेणे शक्य होत नाही याचा खेद वाटतो. आपली माहिती आमच्याकडे जतन केली असून योग्य संधी आल्यास संपर्क साधू. उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा."

यात दोन्ही आजार आहेत. 'अर्ज पुढे नेणे शक्य होत नाही' हा 'संपर्क तुटला'चा भाऊ आहे. प्रश्न उमेदवाराचा आणि उत्तर अर्जाचं. 'सध्या'मुळे दार किलकिलं राहतं. माहिती जतन केलेली फाइल कुणी उघडणार नाही, हे लिहिणाऱ्याला माहीत असतं. आणि 'कठीण होती' हे दुःख लिहिणाऱ्याचं आहे, वाचणाऱ्याचं नाही.

त्याऐवजी मी असं लिहेन: "प्रोजेक्ट असिस्टंटच्या जागेसाठी तुमची निवड झालेली नाही. जागा एकच होती, ती भरली आहे आणि प्रतीक्षा यादी ठेवलेली नाही. ज्यांची निवड झाली त्यांनी स्पटरिंग सिस्टिमवर वर्षभर काम केलेलं आहे. प्रोजेक्टचे दहाच महिने उरल्यामुळे आम्ही त्या अनुभवाला सगळ्यात जास्त वजन दिलं. झिंक ऑक्साइडच्या फिल्मचा विरोध दर वेळी वेगळा का येत होता, हे तुम्ही मुलाखतीत ज्या पद्धतीने समजावून सांगितलंत ते पॅनेलला आवडलं. नांदेडहून एवढा प्रवास करून आलात, त्याबद्दल आभार."

पहिल्याच वाक्यात निकाल आहे. ज्याला दुसरीकडची ऑफर स्वीकारायची की थांबायचं ते ठरवायचंय, त्याचं काम दोन वाक्यांत होतं. कौतुकाचं वाक्य निकालानंतर येतं, आणि ते फक्त त्याच एका उमेदवाराला लागू पडतं. आठही जणांना तेच वाक्य चालत असेल तर ते काढून टाका, मेल छोटी होईल आणि बिघडणार काही नाही. ज्यांना मुलाखतीलाच बोलावलं नाही त्यांना एवढंही लिहिता येत नाही. शंभर अर्जांना वैयक्तिक कारणं देणं शक्य नसतं. तिथे निकाल आणि चाळणीचा निकष (उदाहरणार्थ, नेट किंवा गेट उत्तीर्ण असणं) एवढं पुरे.

कारणाच्या बाबतीत एक पथ्य. पॅनेलने ठरवलेलं खरं कारण माहीत असेल आणि सांगायची परवानगी असेल तरच लिहा. निवड आधीच ठरलेली होती आणि तुम्ही "तुमचा प्रोग्रॅमिंगचा अनुभव कमी पडला" असं काहीतरी सभ्य वाटावं म्हणून लिहिलंत, तर तो मुलगा पुढचे सहा महिने आणि क्लासची फी त्या वाक्यावर खर्च करू शकतो. कारण सांगता येत नसेल तर "पॅनेलची कारणं आम्ही कळवत नाही" हे लिहा. रूक्ष वाटेल, पण त्याच्यावरून कुणी चुकीच्या दिशेला जाणार नाही.

मेल जमली की नाही ते उत्तरांवरून कळतं. "धन्यवाद, कळलं" किंवा "स्पटरिंग कुठे शिकता येईल?" असं आलं तर ठीक. "सर, मग पुढच्या राउंडचं कधी कळेल?" असं आलं, तर तुमची मेल परत उघडा आणि त्यातला 'सध्या' कुठे राहून गेला ते शोधा. आणि त्याला लगेच दुसरी मेल पाठवा, एका ओळीची, निकालाची.